इन्व्हाइट गेलं, पण पोचलं कुणाला? एका क्रॉसप्ले प्रकरणाचा तपास

भाच्याचा फोन आला तोवर त्याच्या दोन संध्याकाळी वाया गेल्या होत्या. तिघांना मिळून मायनक्राफ्ट खेळायचं होतं. भाच्याकडे एक्सबॉक्स, त्याच्या मित्राकडे प्लेस्टेशन आणि मैत्रिणीकडे विंडोजचा लॅपटॉप. गेममधलं जग भाच्याने उघडलं होतं. लॅपटॉपवाली मैत्रीण पहिल्याच फटक्यात आत आली. प्लेस्टेशनवाल्या मित्राला मात्र इन्व्हाइट मिळतच नव्हतं. भाच्याच्या पडद्यावर दर वेळी इन्व्हाइट पाठवल्याचं दिसायचं आणि मित्राच्या पडद्यावर काहीच उमटायचं नाही. एरर नाही, आवाज नाही, वरच्या कोपऱ्यातली पट्टीसुद्धा नाही.

मी कामानिमित्त लॉगिन आणि अकाउंटच्या तक्रारी पाहतो. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं आणि नीट लिहून ठेवण्याजोगं निघालं. यात एकामागे एक असे तीन दोष दडले होते. पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता आणि दुसरा काढल्याशिवाय तिसरा. क्रॉसप्लेच्या, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळण्याच्या, बऱ्याच तक्रारी अशाच असतात. माणूस एक गोष्ट दुरुस्त करतो, इन्व्हाइट तरीही जात नाही, मग तो समजतो की आपण केलेली दुरुस्ती चुकीची होती आणि ती उलटवून टाकतो.

मुलांनी तोवर काय काय केलं होतं ते आधी विचारून घेतलं. राउटर तीनदा बंद-चालू झाला होता. मित्राने गेम काढून पुन्हा टाकला होता. मैत्रीणही तिच्या लॅपटॉपवर तेच करणार होती, तिला मी घाईघाईने थांबवलं. लॅपटॉपवर किंवा फोनवर गेम काढून टाकला, तर त्या यंत्रावर साठवलेली जगंही त्याच्यासोबत जाऊ शकतात. तिचं तर सगळं सुरळीत चालू होतं. जिथे दुखत नाही तिथे औषध लावून तिने महिन्यांची मेहनत गमावली असती.

तिचं सुरळीत चालणं हाच माझ्यासाठी पहिला पुरावा होता. ती भाच्याच्या जगात येऊ शकते, म्हणजे भाच्याचं इंटरनेट ठीक आहे, त्याच्या जगात मल्टिप्लेयर सुरू आहे आणि इतर यंत्रांवरच्या लोकांना घ्यायला त्याच्या अकाउंटची हरकत नाही. राउटर आणि पोर्ट यांच्यावरचा संशय एवढ्यावरच बराच कमी झाला. दोष कुठेतरी प्लेस्टेशनच्या बाजूला होता. गेमची आवृत्ती दोन्हीकडे सारखी आहे ना, हेही मुख्य पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचून पाहिलं. सारखीच होती. लॅपटॉपवर जावा आवृत्ती उघडली जाण्याचा घोळही पुष्कळदा होतो, कारण 2022 च्या जूनपासून पीसीसाठी मायनक्राफ्टच्या जावा आणि बेडरॉक या दोन आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात आणि जावावरून कन्सोलवाल्यांशी खेळता येत नाही. पण मैत्रीण आत येऊन खेळत होती, तेव्हा तो प्रश्नच उरला नव्हता.

मुलांचा एक युक्तिवाद मात्र खोडून काढावा लागला. मित्र म्हणाला, "मामा, फोर्टनाइटमध्ये आम्ही रोज भेटतो. म्हणजे माझं प्लेस्टेशन क्रॉसप्लेला तयार आहे. अडचण त्याच्याकडेच असणार."

ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यातून निष्कर्ष निघत नाही. फोर्टनाइटमध्ये तिघांची ओळख तो गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या अकाउंटवर ठरते आणि मित्रांची यादी, गोपनीयतेची सेटिंग्जही तिथलीच असतात. मायनक्राफ्ट बेडरॉकमध्ये वेगवेगळ्या यंत्रांना जोडणारी ओळख मायक्रोसॉफ्ट अकाउंटची असते. दोन्ही साखळ्या वेगळ्या, त्यामुळे एक मजबूत आहे यावरून दुसरीबद्दल काहीच कळत नाही. शिवाय फोर्टनाइट फुकट गेम आहे. तो प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागत नाही. मायनक्राफ्टला लागते. म्हणून वर्गणी चालू आहे का हे वेगळं पाहिलं. चालू होती.

मग मी भाच्याला एकच प्रश्न विचारला, "तू इन्व्हाइट पाठवतोस तेव्हा यादीत त्याच्या नावापुढे काय दिसतं?"

"ऑफलाइन. पण मामा, तो खेळतोय! आम्ही फोनवर बोलतोय ना, मला त्याच्या गेमचा आवाज येतोय."

प्रकरणाची गाठ इथे सापडली. इन्व्हाइट पोचत नाही ही तक्रार बाहेरून एकसारखीच दिसते, पण आत वेगवेगळ्या जागी अडलेली असते आणि कुठे अडली आहे हे कळायला त्या क्षणी पडद्यावर काय दिसतं ते बघावं लागतं. समोरचा खेळत असूनही यादीत कायम ऑफलाइन दिसत असेल, तर बहुधा इन्व्हाइट दुसऱ्याच पत्त्यावर जातंय. तो ऑनलाइन दिसतो, गेमचं नावही दिसतं आणि तरी इन्व्हाइट पोचत नाही, तर पत्ता बरोबर आहे पण दारातच कुणीतरी अडवतंय. इन्व्हाइट मिळालं, स्वीकारलं आणि मग जगाशी जोडणी होत नाही, तर मात्र राउटर, नेटवर्क, आवृत्ती यांच्याकडे वळायचं. मुलांनी तिसऱ्या प्रकारची औषधं पहिल्या प्रकारच्या दुखण्याला दिली होती.

ऑफलाइन दिसण्याचं एक निरुपद्रवी कारणही असतं. माणसाने स्वतःच ऑनलाइन असल्याचं लपवलेलं असू शकतं. ते पत्ता चुकण्यापासून वेगळं ओळखायला फार काही करावं लागत नाही. मी मित्राला म्हटलं, "गेममध्ये तुझ्या प्रोफाइलवर जा आणि तिथे जो गेमरटॅग लिहिलाय तो मला एकेक अक्षर करून वाच. आठवणीतून सांगू नकोस, पडद्यावरून वाच."

त्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या अक्षराला थांबला. "हे माझं नाव नाही."

तिथे दोन इंग्रजी शब्द जोडून केलेलं नाव होतं आणि शेवटी चार आकडे. नवीन प्रोफाइल उघडताना तुम्ही स्वतः नाव निवडलं नाही, तर यंत्रणा असं नाव सुचवते. त्याला ते कधी दिसलंच नव्हतं, कारण प्लेस्टेशनवर तो आजवर एकटाच खेळला होता. स्वतःच्या डोक्यावर तरंगणारं नाव आपल्याला दिसत नाही, ते इतरांना दिसतं. त्याच्या मनात त्याचा गेमरटॅग तोच होता जो त्याने काही वर्षांपूर्वी फोनवर मायनक्राफ्ट खेळताना घेतला होता. भाच्याने तेव्हाच त्याला जोडलं होतं. भाचा गेले दोन दिवस त्याच जुन्या अकाउंटला इन्व्हाइट पाठवत होता. ती सगळी त्याच पत्त्यावर जात होती आणि तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

मग दुसरं अकाउंट आलं कुठून? प्लेस्टेशनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करताना गेम एक छोटा कोड दाखवतो आणि तो फोनवर किंवा कॉम्प्युटरवर `aka.ms/remoteconnect` या पत्त्यावर जाऊन टाकायला सांगतो. मित्राने त्या दिवशी त्याच्या ताईचा फोन घेतला होता. ताईच्या ब्राउझरमध्ये तिचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट आधीपासूनच उघडं होतं. त्या पानाने पासवर्ड विचारला नाही. कोड टाकला, होकाराचं बटण दाबलं, काम झालं. काम झालं म्हणजे प्लेस्टेशनचं अकाउंट ताईच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलं गेलं. ताई गेम खेळत नसल्यामुळे तिच्या नावावर गेमिंगचं प्रोफाइल नव्हतं, ते तिथल्या तिथे तयार झालं आणि आपोआप सुचलेलं नाव त्याला चिकटलं.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण अकाउंट जोडण्यातल्या पुष्कळ चुका इथेच होतात. माणसाचं सगळं लक्ष कोडवर असतं. तो बरोबर टाकायचा असतो, वेळेत टाकायचा असतो. पण कोड फक्त यंत्र कोणतं ते सांगतो. माणूस कोणता हे ब्राउझर सांगतो आणि तो तुम्हाला न विचारता सांगतो. घरात एकच फोन किंवा कॉम्प्युटर अनेकजण वापरत असतील, किंवा एकाच माणसाची दोन-तीन अकाउंट उघडी असतील, तर चुकीचं अकाउंट जोडलं जायला एक क्लिक पुरतो. म्हणून कोड टाकायचा तो खासगी विंडोत. तिथे कुणीच आधीपासून साइन इन केलेलं नसतं, त्यामुळे ईमेल आणि पासवर्ड हाताने टाकावाच लागतो आणि आपण कोण म्हणून आत जातोय हे नजरेसमोर राहतं.

आता दोन वाटा होत्या. सोपी वाट अशी की, भाच्याने आणि मैत्रिणीने हा नवा, आकडेवाला गेमरटॅग जोडून घ्यायचा आणि ताईचं अकाउंट तसंच चालू ठेवायचं. दहा मिनिटांत खेळ सुरू झाला असता. मुलांना तेच हवं होतं. मी नको म्हटलं. ते अकाउंट ताईच्या ईमेलचं होतं. उद्या तिने पासवर्ड बदलला, सुरक्षेसाठी सगळीकडून साइन आउट केलं, की याचा खेळ बंद. शिवाय ताई सज्ञान आहे, त्यामुळे तिच्या अकाउंटवर मोठ्यांची सेटिंग्ज होती आणि पंधरा वर्षांचा मुलगा त्यावर खेळत होता. त्याच्या आईवडिलांनी त्याच्यासाठी जे काही ठरवलं होतं, ते त्यांच्या नकळत बाजूला पडलं होतं.

म्हणून दुसरी वाट धरली. जोडलेलं अकाउंट तोडायचं आणि त्याचं स्वतःचं जोडायचं. साइन आउट करणं आणि दुवा तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे त्याला समजावावं लागलं. साइन आउट केल्याने तुम्ही बाहेर पडता, पण प्लेस्टेशनचं अकाउंट अमुक मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं आहे ही नोंद तशीच राहते. ती नोंद पुसायचा पर्याय प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये, सेटिंग्जमधल्या अकाउंटच्या पानावर आहे.

तोडण्याआधी एक चौकशी करायची असते. जग कुठे आहे आणि खरेदी कुणाच्या नावावर आहे? त्याची जगं प्लेस्टेशनमध्येच साठवलेली होती, त्यांना धक्का लागणार नव्हता. पण मार्केटप्लेसमधून घेतलेला एक स्किन पॅक होता आणि अशी खरेदी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला चिकटते. म्हणजे तो पॅक ताईकडे राहणार होता. त्याला हे आधी सांगितलं, त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "राहू दे. तोड." हे बटण दाबण्याआधी सांगितलेलं बरं. दाबल्यावर कळलं, तर सगळी दुरुस्तीच त्या मुलाला नुकसान वाटते. काही गेममध्ये तर एकदा तोडलेला दुवा लगेच दुसरीकडे जोडता येत नाही, त्यामुळे आधी नियम वाचायचा आणि मगच हात लावायचा.

त्याने दुवा तोडला, नवा कोड घेतला, खासगी विंडो उघडली, स्वतःचा ईमेल टाकला. मी पुन्हा गेमरटॅग वाचायला लावला. या वेळी त्याचाच होता. भाच्याच्या यादीत त्याच्या नावाशेजारी ऑनलाइन उमटलं आणि दोघंही फोनवर ओरडले.

भाच्याने इन्व्हाइट पाठवलं. आलं नाही.

लगेच सूर निघाला की अकाउंट बदलून काही उपयोग झाला नाही, जुनंच बरं होतं. पण लक्षण बदललं होतं. आधी तो ऑफलाइन दिसत होता, आता ऑनलाइन दिसत होता. म्हणजे पत्ता सुधारला आणि आता आपण दारापर्यंत आलो होतो. दारात काय अडतंय हे शोधायला मी एक प्रयोग करायला सांगितला आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी प्रयोग मला हाच वाटतो. इन्व्हाइटशिवाय आत येऊन बघ.

मायनक्राफ्टमध्ये आपलं जग कुणाला दिसावं हे त्या जगाच्या मल्टिप्लेयर सेटिंगमध्ये ठरतं. पर्याय असतात `Invite Only`, `Friends Only` आणि `Friends of Friends`. भाच्याचं जग `Invite Only` वर होतं, म्हणजे बोलावल्याशिवाय कुणाला दिसतच नव्हतं. ते `Friends Only` केलं. आता मित्राला त्याच्या बाजूने, मित्रांच्या यादीत, भाच्याचं जग दिसायला हवं होतं. दिसलं. त्याने त्यावर दाबलं आणि तो आत आला. भाच्याच्या पडद्यावर मित्राचा ठोकळ्यांचा माणूस पहिल्यांदा उभा राहिला, डोक्यावर बरोबर नाव घेऊन.

मुलांच्या दृष्टीने प्रकरण इथे मिटलं. माझ्या दृष्टीने इथे ते उलगडलं. तो आत येऊ शकला याचा अर्थ नेटवर्क ठीक, वर्गणी ठीक, मल्टिप्लेयर खेळायची परवानगी ठीक, वेगळ्या यंत्रावरच्या माणसाशी खेळायची परवानगीही ठीक. अडत होतं फक्त इन्व्हाइट. म्हणजे खेळण्यावर बंदी नव्हती, बंदी होती त्याच्यापर्यंत निरोप पोचण्यावर.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये नेमकं असं एक कलम आहे. ते `account.xbox.com/settings` या पत्त्यावर, गोपनीयता आणि ऑनलाइन सुरक्षेच्या भागात मिळतं. त्याचं नाव असं आहे:

`Others can communicate with voice, text, or invites`

हे नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचायला हवं. आवाज, मजकूर आणि इन्व्हाइट या तिन्ही गोष्टींची एकच खिट्टी आहे. परक्या माणसाचे मेसेज नकोत म्हणून कुणी ते `Block` वर ठेवलं, तर मेसेजबरोबर जिवलग मित्राचं इन्व्हाइटही बंद होतं. आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. समोरच्याने निरोप बंद ठेवलेत हे पाठवणाऱ्याला कळू नये, हे एका अर्थी योग्यच आहे. जो मुलगा त्रास देणाऱ्याला अडवतो, त्याच्यावर त्याची सफाई द्यायची वेळ येऊ नये. पण त्यामुळेच मित्रांमध्ये भांडणं लागतात. एकाला वाटतं हा मुद्दाम येत नाही, दुसऱ्याला वाटतं हा बोलवतच नाही.

मित्राने ते पान उघडलं. कलम `Block` वरच होतं, पण पर्याय फिकट होते, दाबले जात नव्हते. त्याचं अकाउंट अल्पवयीन मुलाचं आणि कुटुंबाच्या गटातलं होतं. अशा अकाउंटची ही सेटिंग्ज मुलाला स्वतः बदलता येत नाहीत, गटाच्या प्रमुखाला त्याच्या लॉगिनमधून बदलावी लागतात. प्रमुख होते त्याचे बाबा.

इथे मुलांनी एक तोडगा काढला, नवीन अकाउंट उघडायचं आणि जन्मसाल मागचं टाकायचं. मी त्याला ठाम विरोध केला आणि कारणंही सांगितली. आणखी एक ओळख तयार झाली की आपण पुन्हा पहिल्या दोषापाशी, कुणी कुणाला कोणत्या नावावर जोडलंय या गोंधळात. दुसरं म्हणजे वडिलांनी लावलेली कडी मागच्या दाराने चुकवली, हे कधीतरी कळणारच, आणि मग कन्सोलच बंद होणार. विचारलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

बाबा फोनवर आले. ते म्हणाले, "तो अकरा वर्षांचा असताना कुणीतरी अनोळखी माणूस त्याला मेसेज पाठवत होता. तेव्हा मी सगळं बंद करून टाकलं. अजून तसंच आहे होय?"

त्यांनी केलं ते बरोबरच केलं होतं, हे मी त्यांना आधी सांगितलं. मला मनापासून तसं वाटतं. मग त्यांना सांगितलं की या कलमाला तीन पायऱ्या आहेत, `Everybody`, `Friends` आणि `Block`, आणि मधल्या पायरीने त्यांना हवं ते साधतं. अनोळखी लोक बाहेरच राहतात, मुलाच्या यादीतल्या मित्रांची इन्व्हाइट मात्र येतात. त्यांनी एकच गोष्ट विचारली, यादीत कोण आहे? मुलाने चार नावं वाचली, चारही त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी लॉगिन करून `Friends` निवडलं.

भाच्याने लगेच इन्व्हाइट पाठवलं आणि ते पुन्हा पोचलं नाही. बाबा म्हणाले, "मग `Everybody` करून बघू का?"

ही वेळ फार धोक्याची असते. माणूस कडी अजून सैल करतो, तेवढ्यात योगायोगाने ती आधीची दुरुस्ती लागू होते, आणि सगळ्यांना वाटतं की शेवटची, सगळ्यात ढिली सेटिंगच कामाला आली. मग ती कायमची तशीच राहते. मी म्हटलं, "काही बदलू नका. त्याला आधी गेममधून साइन आउट करू द्या." साइन इन करताना गेमला एक प्रकारचा पास मिळतो आणि या अकाउंटला काय करायची मुभा आहे ते त्या पासवर लिहिलेलं असतं. वेबसाइटवर सेटिंग बदललं तरी गेमच्या हातात जुनाच पास राहू शकतो. मित्राने साइन आउट केलं, गेम पूर्ण बंद केला, नुसता बाजूला सारला नाही, आणि पुन्हा साइन इन केलं. भाच्याने इन्व्हाइट पाठवलं. या वेळी प्लेस्टेशनच्या पडद्यावर ते आलं.

तिसरा दोष दुसऱ्या दिवशी निघाला. त्या दिवशी जग मैत्रिणीने उघडलं होतं. तिचं इन्व्हाइट भाच्याला मिळालं, मित्राला मिळालं नाही. मित्राचा फोन आला तेव्हा तो घाबरलेला होता, बाबांनी सेटिंग परत बदललं की काय म्हणून. भाच्याचं इन्व्हाइट अजून येतंय का, एवढंच मी त्याला तपासायला लावलं. येत होतं. म्हणजे कलम `Friends` वरच होतं आणि प्रश्न असा उरला की या अकाउंटच्या दृष्टीने मैत्रीण मित्र आहे का.

नव्हती. तिने त्याला जोडायची विनंती पाठवली होती, पण ती त्याच्या जुन्या गेमरटॅगला, कारण त्याने आठवणीतून तेच नाव सांगितलं होतं. त्या काळात तो ताईच्या अकाउंटवर खेळत होता, त्यामुळे विनंती ज्या अकाउंटवर पडून होती ते कुणी उघडतच नव्हतं. भाच्याशी त्याची दोन्ही बाजूंनी मैत्री फोनच्या काळातच झालेली होती, म्हणून भाच्याचं इन्व्हाइट गेलं आणि तिचं अडलं. एक्सबॉक्सच्या जाळ्यावर बरीच वर्षं एकतर्फी जोडणंही चालायचं. मी तुला जोडलं की तू माझ्या यादीत आलास, मी तुझ्या यादीत असेनच असं नाही. 2024 मध्ये विनंती पाठवून ती समोरच्याने स्वीकारायची पद्धत परत आणल्याचं एक्सबॉक्सने जाहीर केलं. पण यादीत नाव दिसतंय म्हणजे मैत्री झाली, ही जुनी समजूत अजून लोकांच्या डोक्यात आहे. आधी कलम `Block` वर असताना या एकतर्फीपणाचा काही परिणाम दिसत नव्हता, कारण तेव्हा कुणाचंच इन्व्हाइट येत नव्हतं. `Friends` निवडल्याबरोबर मित्र कोण याची व्याख्या पहिल्यांदा महत्त्वाची झाली.

मुलांच्या अकाउंटवर नवीन मित्र जोडायची मुभाही पालकांच्या हातात असते. ती इथे उघडी होती. त्याने विनंती स्वीकारली, मैत्रिणीने यादी पुन्हा उघडून पाहिली आणि तिचं इन्व्हाइट गेलं.

प्लेस्टेशनच्या बाजूलाही अशीच एक वेगळी पालक-नियंत्रणाची यादी असते, संवादासाठीची आणि वयासाठीची. आम्ही ती पाहून घेतली, तिथे काही अडत नव्हतं. पण ती पाहायची राहिली, तर मायक्रोसॉफ्टकडची सगळी कलमं बरोबर असूनही माणूस अडकू शकतो, कारण यंत्राच्या अकाउंटचा आणि जोडलेल्या अकाउंटचा, दोघांचाही होकार लागतो. एकाने नाही म्हटलं की नाहीच. एपिक अकाउंटवर चालणाऱ्या गेममध्येही दुखण्याची ठेवण हीच असते. कन्सोलवर नुसता गेम सुरू करून खेळत राहिलेला माणूस कधीकधी ज्या एपिक अकाउंटवर असतो, ते त्याने फोनवर किंवा पीसीवर उघडलेलं नसतंच. तिथेही पहिलं काम नाव पडद्यावरून वाचणं हेच.

आता त्या तिघांनी आपापले गेमरटॅग, शेवटच्या आकड्यांसकट, एका संदेशात लिहून तो गटात वर चिकटवून ठेवला आहे. नावाशेजारी कोण कोणत्या यंत्रावर आहे तेही लिहिलंय. ताईच्या अकाउंटवर आपोआप तयार झालेलं ते प्रोफाइल आम्ही तसंच सोडलं. त्याच्या यादीत कुणी नाही, त्या नावाने कुणी खेळत नाही आणि विकत घेतलेला तो स्किन पॅक अजून तिथेच आहे.